‘भ्र॥’ म्हणजे भाऊ नव्हे

प्रश्न : पणजोबांच्या लहानपणचं, १९३१ सालचं खरेदीखत मिळालं. त्यात लिहून देणाराचं नाव असं आहे : ‘दत्तू बि॥ राणू अ. पा. क. आई गं. भा. काशी भ्र॥ राणू, धं॥ शेती, रा. पिंपळगाव खु॥’. भ्र॥ म्हणजे भ्राता ना? मग काशी राणूची बहीण, म्हणजे दत्तूची आत्या झाली. तिला आई कसं म्हटलंय? आणि ‘अपाक’ हे आमचं जुनं आडनाव होतं का?

उत्तर : काशी दत्तूची आईच आहे. भ्र॥ म्हणजे भ्रतार, नवरा. संस्कृत ‘भर्तृ’मधला र पुढे सरकून हा शब्द झाला. बोलण्यातून तो जवळपास गेला, पण दप्तरात टिकून राहिला, आणि म्हणूनच आज वाचणाराला त्याच्या जागी ओळखीचा ‘भ्राता’ दिसतो. ही चूक तुमची एकट्याची नाही. आमच्या घरच्या एका कागदाच्या टंकलिखित प्रतीत माझ्या खापरपणजीपुढे चक्क ‘भ्राता’ असं पूर्ण टाइप केलेलं आहे. मूळ मोडी कागद हाती येईपर्यंत आमच्या वंशावळीत ती नवऱ्याची बहीण होऊन बसली होती.

ओळखायची खूण सोपी आहे. आधी बाईचं नाव, मग भ्र॥, मग पुरुषाचं नाव, अशी मांडणी असली की ते भ्रतारच. बाप सांगायचा असेल तर पुरुषाच्या नावापुढे ‘बि॥’ येतं, म्हणजे बिन, अमक्याचा मुलगा. तुमच्या ओळीत दोन्ही खुणांपुढे राणूच आहे : दत्तू राणूचा मुलगा, काशी राणूची बायको. मधल्या ‘आई’ या शब्दाने तर शंकाच ठेवली नाही. काही कागदांत बिनच्या जागी ‘वलद’ दिसेल, आणि बेळगाव-कारवारकडच्या कागदांत भ्रतारच्या जागी ‘कोम’. ते गावाचं किंवा जातीचं नाव समजू नका.

त्या दोन उभ्या रेघांबद्दलही सांगायला हवं. अक्षरामागे ॥ आलं की ‘शब्द तोडला आहे’ एवढाच त्याचा अर्थ, आज आपण टिंब देतो तसा. धं॥ म्हणजे धंदा, खु॥ म्हणजे खुर्द, बु॥ म्हणजे बुद्रुक, पै॥ म्हणजे पैकी. पण त्याच रेघा आकड्यामागे आल्या की त्या अपूर्णांक होतात : एक रेघ पाव, दोन अर्धा, तीन पाऊण. ‘रु. १२५॥’ म्हणजे साडेसव्वाशे नव्हे हो, एकशे साडेपंचवीस. नकलनवीस घाईत असला की या रेघांचे ११ होतात आणि साडेबारा रुपयांचे बाराशे अकरा. तेव्हा रक्कम किंवा क्षेत्र वाचताना अक्षरी लिहिलेला आकडा शोधा. खरेदीखतात तो बहुधा असतोच.

आता तुमचं ‘आडनाव’. अ. पा. क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. इथे अज्ञान म्हणजे अडाणी नव्हे, वयात न आलेला. सज्ञानच्या उलट. ओळ पूर्ण सोडवली तर अशी होते : ‘राणूचा मुलगा दत्तू, तो अज्ञान असल्यामुळे त्याची पालनकर्ती आई, राणूची विधवा काशी’. गं. भा. म्हणजे गंगाभागीरथी, विधवेच्या नावाआधी लावायची. सरकारी अर्जांतून हे शब्द आता दिसत नाहीत, पण वंशावळ लावणाराला जुन्या कागदातलं गं. भा. फार कामाला येतं, कारण त्यातून राणू तेव्हा हयात नव्हता हे कळतं.

म्हणजे या एका ओळीतून तुम्हाला दोन तारखा मिळाल्या. राणू १९३१ च्या या कागदाआधी वारला. आणि दत्तू तेव्हा अठराच्या आत होता, कारण १८७५ च्या कायद्याने सज्ञानपणाचं वय अठरा पूर्ण असं ठरवलेलं होतं. याचा अर्थ त्याचा जन्म १९१३ च्या आधीचा असू शकत नाही. (कोर्टाने पालक नेमला असेल तर तेव्हा ही मर्यादा एकवीस होती, पण इथे नुसती आई आहे, कोर्टाचा उल्लेख नाही, म्हणून अठराच धरा.) घरात कुणी ‘पणजोबा १९०५ चे’ म्हणत असेल तर त्यांना हा कागद दाखवा.

हीच युक्ती सातबाऱ्यावर वापरताना मात्र जपून. खरेदीखतातला अ. पा. क. त्या दिवसापुरता खरा असतो. सातबाऱ्यावरचा शेरा मुलगा वयात आला म्हणून आपोआप जात नाही. वयाचा पुरावा देऊन अर्ज केला, फेरफार झाला, तरच निघतो. नातवंडं झालेली माणसं कागदावर अजून अज्ञान असतात. सातबाऱ्यावर जवळपास असाच दिसणारा दुसरा शेरा ‘ए. कु. क.’ किंवा ‘ए. कु. मॅ.’ : एकत्र कुटुंब कर्ता, नाहीतर मॅनेजर. त्याचा वयाशी संबंध नाही. तिथे एकाचं नाव लागलेलं असलं तरी जमीन सगळ्या कुटुंबाची असते, म्हणून त्याच्या भावांची नावं दुसऱ्या कागदात शोधावी लागतात.

जाता जाता तुमच्या खरेदीखताचा शेवट पाहा. अज्ञानाची जमीन विकताना कारण सांगावं लागे, म्हणून मजकुरात ‘मुलाचे पालनपोषणाकरिता’ किंवा ‘बापाचे कर्ज वारण्याकरिता’ असं काहीतरी सापडेल. ते नुसतं रीत म्हणून लिहिलेलं नाही, विक्री टिकावी म्हणून आहे. (१९५६ नंतर अशा विक्रीला कोर्टाची परवानगी लागू लागली, तेव्हा नंतरच्या कागदात तिचा उल्लेख शोधा.)

त्याखाली सह्या. काशीला लिहिता येत नसेल तर ‘नि. बांगडी’ किंवा ‘नि. डा. हा. अं.’ असेल. पहिल्यात नि. म्हणजे निशाणी : बाई बांगडीची आणि शेतकरी नांगराची खूण काढी. दुसरं म्हणजे निशाणी डाव्या हाताचा अंगठा. त्यालगत ‘द. अमुक तमुक’ असं एक नाव येतं. द. म्हणजे दस्तुर, हस्ताक्षर. तो माणूस फक्त तिच्या वतीने नाव लिहिणारा. तेवढ्यावरून तो नातेवाईक किंवा जमिनीतला हिस्सेदार ठरत नाही. हाच द. जेव्हा ‘द. खु.’ होऊन येतो तेव्हा तो दस्तुरखुद्द, म्हणजे ज्याची सही त्यानेच केलेली. इथला खु. पिंपळगावच्या खु॥शी जोडू नका. गावाचा खु॥ खुर्द म्हणजे धाकटा, आणि सहीतला खु. खुद्द म्हणजे स्वतः.