एकूण आकडा बरोबर, तरी पत्रक चुकीचं

प्रश्न: मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. सीएमए करायचा विचार आहे, पण सर, कॉस्ट ऑडिट म्हणजे सीएने तपासलेले आकडे पुन्हा तपासणंच ना? त्यात वेगळं काम काय उरतं?

उत्तर: बरंच उरतं, आणि ते बहुतेक खर्चाच्या वाटपात दडलेलं असतं.

समजा, एका कारखान्यात दोन पंप बनतात. ‘अ’ बराचसा हाताने जुळवला जातो, ‘ब’ मुख्यतः सीएनसी मशीनवर तयार होतो. मशीनचा घसारा, वीज आणि देखभाल मिळून वर्षाचा ओव्हरहेड ४८ लाख रुपये. कंपनीने तो कामगारांच्या तासांवर वाटला: ‘अ’चे ६,००० तास, ‘ब’चे २,०००. म्हणजे ‘अ’वर ३६ लाख, ‘ब’वर १२. ‘ब’चे ६,००० नग बनले, तेव्हा नगामागे २०० रुपये. बाकीचा खर्च ७०० धरला, तर १,१०० रुपयांना विकल्या जाणाऱ्या ‘ब’वर खर्च पत्रक २०० रुपये नफा दाखवतं.

आता मशीनची लॉगबुकं उघड. ‘अ’साठी मशीन ३,००० तास चाललं, ‘ब’साठी ९,०००. हा खर्च मशीनमुळे होतो, माणसांच्या तासांमुळे नाही. मशीन तासांवर वाटप केलं की ‘ब’वर ३६ लाख येतात, नगामागे ६००. एकूण खर्च १,३००, म्हणजे प्रत्येक नगावर २०० रुपये तोटा!

वर्षात बनलेला सगळा माल विकला गेला असेल, तर कंपनीच्या एकूण नफ्यात या दुरुस्तीने एका रुपयाचाही फरक पडत नाही. म्हणून आर्थिक हिशेबाशी ताळमेळ जुळला एवढ्यावर कॉस्ट ऑडिटर समाधानी राहू शकत नाही. वाटपाचा आधार कोणी, कधी ठरवला, नवं मशीन आल्यावर तो बदलला का, हे त्याला विचारावं लागतं. (बहुतेकदा उत्तर येतं, ‘पहिल्यापासून असंच आहे.’) मग तो लॉगबुकातले तास वीज मीटरच्या वापराशी आणि उत्पादनाच्या नोंदींशी ताडून पाहतो, कारण लॉगबुकही कधीकधी महिनाअखेरीस एकाच पेनाने भरलेलं असतं. मशीन मोठ्या बिघाडाने बंद पडलं असेल, तर त्या काळाचा स्थिर खर्च उत्पादनावर चढवलेला नाही ना, हेही बघतो. तो असाधारण खर्च, उत्पादन खर्चाबाहेर ठेवायचा.

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १४८ खाली हे ऑडिट ठरावीक कंपन्यांनाच लागू आहे आणि ते प्रॅक्टिस करणारा कॉस्ट अकाउंटंटच करू शकतो. त्यामुळे निव्वळ ऑडिटच्या कामावर हिशेब मांडू नकोस. खर्च नियंत्रणाची नोकरीही नजरेत ठेव.

शॉप फ्लोअरवर जाऊन फोरमनला प्रश्न विचारायचा तुला कंटाळा येणार असेल, तर हे क्षेत्र तुझं नाही, असं मी स्पष्ट सांगेन. येणार नसेल, तर ट्रेनिंग उत्पादन कंपनीतच घे आणि तिथे आधी खर्च पत्रक नको, वाटपाचा तक्ता मागून घे.