gg ez चालतं, मग kys वर बॅन का?

ऑनलाइन गेममध्ये मी चिडून kys टाकलं तर डायरेक्ट चॅट बॅन, समोरचा gg ez म्हणाला त्याला काहीच नाही, असं का?

ez म्हणजे 'सोप्पं होतं', खडूसपणा आहेच (ओव्हरवॉचमध्ये gg ez टाइप केलं की गेम त्याजागी भलतंच गोड वाक्य टाकायचा 😄) पण बोलणं मॅचबद्दल आहे. kys म्हणजे सरळ 'जीव दे', तिथे 'अरे गंमत केली' चालत नाही, एकदाच लिहिलं तरी.

खरी भानगड jg diff सारख्यांची, म्हणजे तुमचा जंगलर आमच्यापेक्षा ढ. एकदा लिहिलं तर टोमणा, पण तो जंगलर 'बस कर यार' म्हणाल्यावरही प्रत्येक वेळी तो मेला की तेच, वर मॅचनंतर फ्रेंड रिक्वेस्ट टाकून शिव्या, तर मॉडरेटर अख्खा लॉग वाचून त्याला छळच धरतात.