सायकलने ऑफिसला जातो, तरी वजन का हलत नाही?

“मॅडम, दोन महिने झाले, स्कूटर बंद करून सायकलने बँकेत जातो. ॲप रोज ६७० कॅलरी जळल्याचे दाखवते. मग वजनाचा काटा जागचा का हलत नाही? माझे काही चुकते आहे का?”

कोथरूडला राहणारे आणि शिवाजीनगरला नोकरी करणारे हे गृहस्थ ४३ वर्षांचे होते आणि त्यांचे वजन ८४ किलो होते. जाताना सात किलोमीटर, येताना तितकेच आणि दर फेरीला सिग्नलसकट अर्धा तास, म्हणजे सरासरी वेग ताशी १४ किलोमीटर. मी त्यांचा फोन मागून घेतला आणि ॲपमधली नोंद उघडली, तेव्हा तिथे ‘जलद सायकलिंग’ हा प्रकार निवडलेला आढळला.

शरीर स्वस्थ बसलेले असताना जेवढी ऊर्जा खर्च होते, तिच्या किती पट खर्च एखाद्या हालचालीला लागतो, हे ‘मेट’ या एककात मोजतात. ताशी १६ किलोमीटरच्या आतल्या सायकलिंगला सुमारे ४ मेट धरतात, तर ताशी २० किलोमीटरच्या आसपास हाच आकडा ८ होतो. मेटला किलोमधील वजनाने आणि तासांनी गुणले की ढोबळ कॅलरी मिळतात, म्हणून त्यांच्या दोन्ही फेऱ्यांच्या एका तासाचा हिशेब ४ × ८४ = ३३६ असा येतो; ॲपने मात्र ८ × ८४ केले होते. त्या ३३६ मधल्या ८४ कॅलरी तर ते खुर्चीत बसून राहिले असते तरी खर्च झाल्याच असत्या. सायकलमुळे झालेला जादा खर्च उरतो साधारण २५०.

आठवड्याचे पाच दिवस धरले तर हे १,२५० होतात. एक किलो चरबीमागे सुमारे ७,७०० कॅलरी धरल्या, तर आठवड्याला जेमतेम १६० ग्रॅम आणि महिन्याला पाऊण किलोच्याही आत. एवढा फरक शरीरातल्या पाण्याच्या रोजच्या चढउतारात सहज झाकला जातो. शिवाय, आज भरपूर जळले आहे या भरवशावर ते संध्याकाळी बँकेबाहेर वडापाव खाऊ लागले होते आणि एका वडापावात सुमारे ३०० कॅलरी असतात. काटा न हलण्याचे कारण मला तरी इथेच दिसले.

हे ऐकल्यावर त्यांचा पहिला विचार वेग वाढवण्याचा होता. मी तोही मांडून दाखवला. वाटेतली दहा मिनिटे त्यांनी ताशी १८ किलोमीटरने काढली, म्हणजे ६.८ मेट धरले, तर वाढीव खर्च जेमतेम ४० कॅलरींचा होतो. उलट आहे त्याच चालीने पंधरा मिनिटे जास्त सायकल चालवली तर ६० पेक्षा थोड्या अधिक कॅलरी मिळतात. चाळीस कॅलरींसाठी पिवळा दिवा गाठायला धावणे मला मुळीच पटत नाही. पूर्ण वाक्य बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, एवढाच दम लागणारी चाल त्यांना पुरेशी होती.

म्हणून आम्ही वेळ वाढवला. कर्वे रस्ता सोडून ते प्रभात रस्त्याच्या आतल्या गल्ल्यांतून जाऊ लागले. थोडे लांब पडते, पण बसगाड्या टळतात. भाजी आणि किराणाही सायकलवरच, मात्र पिशवी हँडलला न अडकवता मागच्या कॅरिअरला बांधून, कारण हँडलची पिशवी वळताना चाकात जाते. उभ्या मोटारींपासून निदान एक मीटर अंतर ठेवायचे, कारण दार कधी उघडेल याचा नेम नसतो, आणि सिग्नलला बसच्या डाव्या अंगाला कधीही थांबायचे नाही, कारण डावीकडे वळणाऱ्या चालकाला तिथला सायकलस्वार दिसत नाही. हेल्मेट त्यांच्याकडे होते. मागचा लाल दिवा नव्हता, तो लगेच घ्यायला लावला.

जाता जाता त्यांनी गुडघा पुढच्या बाजूने दुखतो असे सांगितले. सीट फार खाली असली की असे बरेचदा होते. सीटवर बसून पायडल अगदी खाली नेले आणि त्यावर टाच ठेवली, तर पाय सरळ व्हायला हवा. त्यांचा गुडघा बराच वाकलेला राहत होता. सीट वर घेतल्यावर आणि जड गिअर सोडून हलक्या गिअरमध्ये पाय भरभर फिरवू लागल्यावर दुखणे थांबले. रक्तदाबाची गोळी चालू असल्याने व्यायाम वाढवण्याआधी त्यांना डॉक्टरांकडे मात्र पाठवले.

वडापाव पूर्ण बंद करायला मी सांगितले नाही. आठवड्यातून एकदाच ठेवला. रोज वजन करण्याऐवजी दर पंधरवड्याला, सकाळी, बेंबीच्या पातळीवर कंबर मोजायची असे ठरले. तीन महिन्यांनी कंबर चार सेंटीमीटरने आणि वजन अडीच किलोने उतरले होते. जोराच्या पावसात पांढरे पट्टे आणि मॅनहोलची झाकणे निसरडी होतात, म्हणून तसल्या दिवशी ते बसने जातात आणि दोन थांबे आधी उतरून चालतात.