जेवणासह मीटिंग: पथ्य कसं विचारायचं आणि मेन्यू कधी कळवायचा

प्रश्न: पुढच्या गुरुवारी आठ बाहेरच्या पाहुण्यांसोबत दुपारच्या जेवणाची मीटिंग आहे. कोणाला काय चालत नाही हे अवघडल्यासारखं न होता कसं विचारू? आणि वेळ व मेन्यू एकाच मेलमध्ये कळवायचा की वेगवेगळा?

उत्तर:

दोन मेल करा. पहिल्यात फक्त विचारा. दुसऱ्यात वेळ आणि मेन्यू दोन्ही एकत्र पक्कं करा. आमच्या ऑफिसात अशा मीटिंगांची जेवणाची व्यवस्था मी बघते, आणि या क्रमानेच काम नीट होतं असा माझा अनुभव आहे.

पहिल्या मेलमध्ये बहुतेक जण लिहितात, "काही पथ्य असल्यास कळवा." त्या "असल्यास"मुळे उत्तर न देण्याची मुभा मिळते. मग कोणी गप्प राहिलं, तर त्याला सगळं चालतं की त्याने मेलच वाचला नाही, हे कळत नाही. म्हणून काही नसलं तरी उत्तर मागा आणि तारीख द्या. मी साधारण असं लिहिते:

"गुरुवारच्या मीटिंगमध्ये जेवण आहे. कृपया सोमवारी संध्याकाळपर्यंत फक्त मला उत्तर पाठवा: १) सगळं चालतं, २) शाकाहारी, ३) वीगन, ४) अमुक पदार्थ खात नाही, ५) अमुक पदार्थाची ॲलर्जी आहे. चार किंवा पाच असेल, तर तो पदार्थ अगदी थोडाही चालत नाही का, तेही लिहा. कारण सांगण्याची गरज नाही."

शेवटचं वाक्य मनापासून लिहा. आजार, धर्म, गरोदरपण यांपैकी काय कारण आहे हे तुम्हाला माहीत असण्याची गरज नाही, स्वयंपाकघरालाही नाही. त्यांना कळायला हवं ते एवढंच, की काय टाळायचं आणि किती काटेकोरपणे. "फक्त मला" हेही मुद्दाम आहे. सगळ्यांना एकत्र मेल पाठवत असाल तर पत्ते बीसीसीमध्ये टाका, म्हणजे एकाची ॲलर्जी बाकी सात जणांच्या इनबॉक्समध्ये जाणार नाही.

आता उत्तरं आली असं धरू. पाच जणांना सगळं चालतं, एक शाकाहारी आहे, एकाने नुसतं "दूध नको" लिहिलंय आणि एकाचं उत्तरच नाही. शाकाहारी उत्तर सोपं वाटतं, पण अंडं चालतं का ते एकदा विचारून घ्या. खरं काम "दूध नको"मध्ये आहे, कारण त्याचे निदान तीन अर्थ निघतात. ती व्यक्ती वीगन असेल तर दुधाबरोबर अंडी, मध, मांस सगळंच वगळावं लागेल. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचत नसेल तर लॅक्टोज काढलेलं दूध चालेल आणि एखादा चमचा लोण्याने सहसा बिघडत नाही. पण दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी असेल, तर तेच लॅक्टोज काढलेलं दूध धोक्याचं आहे, कारण प्रथिनं त्यात तशीच असतात. दुधाच्या पदार्थाचा चमचा दुसऱ्या भांड्यात गेला तरी त्रास होऊ शकतो. तुम्ही स्वतः अर्थ लावत बसू नका. एका ओळीत विचारा: "लॅक्टोज काढलेलं दूध चालेल का, की दुधाचा अंशही नको?" एवढ्याने बहुतेक उलगडा होतो आणि आजाराचं नावही निघत नाही.

ज्याचं उत्तर नाही, त्याला मंगळवारी सकाळी फोन करा. दुसरा मेल पाठवून परत वाट बघू नका.

मग जेवण पुरवणाऱ्याशी बोला, आणि तेही लेखी. "दुधाशिवाय एक ताट" एवढं सांगून पुरत नाही, कारण लोणी सूपमध्ये असतं, दूध पावडर पावात असते, चीज सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये असतं. प्रत्येक पदार्थात काय आहे, हे ॲलर्जीच्या घटकांनुसार लिहून मागा. युरोपीय संघाच्या नियमांत असे १४ घटक ठरलेले आहेत. त्यात दूध, अंडी, शेंगदाणे, सोया, मासे, तीळ यांच्याबरोबर मोहरी आणि सेलरीसुद्धा आहे. ती यादी जगात कुठेही उपयोगी पडते. दुसरं, भांडी आणि तेल वेगळं आहे का ते विचारा. गव्हाचं आवरण असलेले पदार्थ ज्या तेलात तळले, त्याच तेलात तळलेले बटाटे ग्लूटेन टाळणाऱ्याला चालत नाहीत, बटाट्यात ग्लूटेन नसलं तरी. स्वयंपाकघर खात्री देऊ शकत नसेल तर ते पाहुण्याला स्पष्ट सांगा आणि निर्णय त्यांच्यावर सोडा. घरून डबा आणणं किंवा दुसरीकडून बंद पाकीट मागवणं त्यांना जास्त सुरक्षित वाटू शकतं.

आता पक्कं करण्याचा मेल. तो मंगळवारी दुपारपर्यंत जायला हवा, म्हणजे काही बदलायचं असेल तर बुधवार हातात राहतो.

"गुरुवारी मीटिंग १२.०० ला सुरू होईल, जेवण १.०० ला वाढलं जाईल, २.३० ला संपेल. मेन्यू: टोमॅटो सूप, भाज्यांचं सॅलड, भात, भाजलेल्या भाज्या, चिकन, फळं. सूप आणि सॅलडमध्ये दूध नाही. चिकनच्या सॉसमध्ये दूध आणि मोहरी आहे. दुधाशिवायचं एक ताट वेगळं, झाकून येईल. वेळेत किंवा पदार्थांत काही अडचण असेल तर बुधवारी ११ वाजेपर्यंत मला कळवा."

या मेलमध्ये माणसांची नावं नाहीत, पदार्थांची आहेत. ज्याचं वेगळं ताट आहे, त्याला "ते ताट तुमचं" असं स्वतंत्र कळवा.

वेळ आणि मेन्यू एकत्र लिहिण्याचं कारण, ही दोन्ही एकमेकांवर अवलंबून असतात. मीटिंग कधी सुरू होते आणि ताट समोर कधी येतं, या वेगळ्या वेळा आहेत. जेवणाआधी इन्सुलिन घेणाऱ्या माणसाला दुसरी वेळ माहीत असणं गरजेचं असतं. इन्सुलिन घेतलं आणि जेवण पाऊण तास लांबलं, तर रक्तातली साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. कोणाचा उपवास असेल तर त्यालाही वेळ बघूनच ठरवता येतं, की जेवणात बसायचं की नुसतं बोलण्यात.

म्हणून जेवण १.०० ऐवजी २.०० ला ढकललं, तर फक्त "वेळ बदलली" असा मेल पाठवू नका. जेवण पुरवणाऱ्याला आधी विचारा. शिजवलेलं अन्न ६० अंशांच्या वर गरम ठेवता येत असेल तर ठीक, नाहीतर साध्या तापमानाला २ तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही, आणि त्या २ तासांत आणण्याचा वेळही धरायचा. काही पदार्थ बदलावे लागले तर नवी वेळ आणि पूर्ण मेन्यू परत एकत्र पाठवा. बदली म्हणून आलेल्या पदार्थाचे घटक परत तपासा. चूक बहुतेक वेळा तिथेच होते: चिकन मिळालं नाही म्हणून शेवटच्या क्षणी पास्ता येतो, आणि त्यात चीज आहे हे कोणी कोणाला सांगत नाही.

गुरुवारी जेवण आलं की वाढायच्या आधी ते वेगळं ताट स्वतः ओळखून त्या पाहुण्याच्या हातात द्या, आणि प्रत्येक भांड्यात स्वतंत्र चमचा आहे ना ते बघा.