सेस ६ लाख ६० हजार नाही, अन परत मागायचे ते २ लाख

प्रश्न: वकील साहेब नमस्कार. मी रावेर तालुक्यातला केळीवाला शेतकरी. पोळ्याच्या आठवड्यात जळगावच्या शोरूममध्ये मोठी डिझेल एसयूव्ही बुक केली, १ लाख बुकिंग दिलं. एक्स-शोरूम ३० लाख. डीलरने १९ सप्टेंबर २०२५ ला बिल काढलं, लोनचे अन माझे बाकीचे पैसे ३० सप्टेंबरला त्यांच्या खात्यात गेले, गाडी दसऱ्याला हातात आली. २२ सप्टेंबरपासून गाड्यांवरचा सेस बंद झाला ना? मग ३० लाखांवर २२ टक्के म्हणजे ६ लाख ६० हजार सेस घेतलाय तो मला परत पाहिजे. डीलर म्हणतो बिलाची तारीख बघा. केस टाकू का?

उत्तर: भाऊ, आधी आकडा दुरुस्त करून घेऊ. नोटिशीत ६ लाख ६० हजार लिहिले ना, तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला म्हणेल की यांना हिशोबच कळत नाही, अन मग तुमचा खरा मुद्दा कोणी ऐकणार नाही.

एक्स-शोरूम किंमत म्हणजे टॅक्स लागायच्या आधीची किंमत नव्हे, जीएसटी अन सेस दोन्ही तिच्या पोटात असतात. रस्त्यावर यायला लागणारा रोड टॅक्स, इन्शुरन्स हे त्याच्या बाहेर. आता सेस कशावर लावायचा हे कायद्यात स्पष्ट आहे, जीएसटी ज्या मूळ किमतीवर लागतो त्याच किमतीवर सेस पण लागतो, जीएसटीवर सेस नाही अन सेसवर जीएसटी नाही. तुमच्या गाडीसारख्या एसयूव्हीला, म्हणजे ४ मीटरपेक्षा लांब, १५०० सीसीच्या वरचं इंजिन अन १७० मिलिमीटर किंवा जास्त ग्राउंड क्लिअरन्स, तेव्हा २८ टक्के जीएसटी अन २२ टक्के सेस होता, एकूण ५० टक्के. म्हणून मूळ किंमत काढायची तर ३० लाखाला १.५ ने भागा, २० लाख येतात. त्यावर जीएसटी ५ लाख ६० हजार, सेस ४ लाख ४० हजार, बेरीज बरोब्बर ३० लाख. ३० लाखांवर परत २२ टक्के लावणं म्हणजे घड दांड्यासकट मोजल्यावर दांड्याचे पैसे पुन्हा वेगळे लावणं, रावेरच्या माणसाला हे जास्त सांगायला नको.

बिल हातात घेऊन बघा, त्यावर टॅक्सेबल व्हॅल्यू म्हणून एक रकाना असतो, त्यात २० लाखाच्या आसपास आकडा असला पाहिजे, खाली सीजीएसटी १४, एसजीएसटी १४ अन सेस २२. त्या रकान्यात चुकून ३० लाख दिसले अन त्याच्यावर टॅक्स चढवून बिल ३० च्या पुढे गेलं असेल तर मात्र प्रकरण वेगळं आहे, तसं असेल तर लगेच कळवा. पण तुम्ही एकूण ३० च सांगताय, त्यामुळे तसं दिसत नाही. (मोठ्या सेडानला सेस २० टक्के होता, तिथे भागाकार १.४८ ने करायचा, कोणी मित्र तुमचा आकडा घेऊन स्वतःच्या गाडीला लावेल म्हणून सांगतो.)

दुसरी गोष्ट, सेस गेला म्हणून ४ लाख ४० हजार तुमचे झाले असं पण नाही. २२ सप्टेंबरला सेस शून्य झाला पण त्याच दिवशी या गाड्यांचा जीएसटी २८ वरून ४० वर गेला. ५० चे ४० झाले, फरक १० टक्क्यांचा. २० लाखांवर ४० टक्के म्हणजे ८ लाख, गाडी २८ लाखाला बसली असती. तुमचा दावा झाला तर २ लाखाचा, अन तोच मागायचा.

आता मुख्य मुद्दा, तो २ लाख तुम्हाला मिळतो का. टॅक्सचा दर मध्येच बदलला तर कोणता दर लागेल हे सीजीएसटी कायद्याचं कलम १४ सांगतं, अन सेसलाही तेच नियम लागतात. ते तीन गोष्टी बघतं, माल कधी दिला, बिल कधी काढलं, पैसे कधी आले. सोप्या भाषेत तिन्हीपैकी दोन ज्या बाजूला, दर त्या बाजूचा. तुमचं बिल आधीचं आहे, पण गाडी दसऱ्याला म्हणजे २ ऑक्टोबरला मिळाली अन जवळपास सगळे पैसे ३० सप्टेंबरला आले, दोन गोष्टी नव्या दराच्या बाजूला. डीलर म्हणेल आम्ही पैसे वहीत आधीच जमा दाखवले होते, तर त्याचंही उत्तर कलमातच आहे, दर बदलल्यापासून ४ कामकाजाचे दिवस उलटून बँकेत पैसे आले तर बँकेची तारीखच धरायची. ३० सप्टेंबर त्या मुदतीच्या पलीकडे आहे. बुकिंगचा १ लाख आधी गेला होता, त्याच्या वाट्याचे साडेसहा-पावणेसात हजार वाद घालण्यासारखे आहेत, ते सोडून द्या.

इथपर्यंत ऐकून तुम्हाला वाटेल जिंकलोच, पण थांबा. डीलरचा सीए नोव्हेंबर २०१७ चं ६६ नंबरचं नोटिफिकेशन काढून दाखवेल, अन तो शहाणा असेल तर नक्की काढेल. त्यात असं आहे की मालाच्या व्यवहारात टॅक्स भरायचा तो बिलाच्या तारखेवरून, अॅडव्हान्सवरून नाही, अन कलम १४ च्या परिस्थितीतही तसंच. त्यावरून ते म्हणणार की बिल १९ तारखेचं, विषय संपला. माझं मत असं की ते नोटिफिकेशन टॅक्स कधी भरायचा ते सांगतं, कोणत्या दराने ते कलम १४ च ठरवतं, पण हा वाद खरा आहे, एकतर्फी नाही अन फक्त ह्याच मुद्द्यावर केस उभी केली तर निकाल कुठे जाईल हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. गाडी द्यायच्या आधी बिल काढणं हा गुन्हाही नाही, कायदा बिल डिलिव्हरीच्या आधी किंवा डिलिव्हरीच्या वेळी काढायला सांगतो.

म्हणून मी तुम्हाला टॅक्सच्या कायद्यापेक्षा तुमच्या बुकिंग फॉर्मकडे न्यायला बघतोय. तो पिवळा-गुलाबी कागद शोधा, मागच्या बाजूला बारीक अक्षरात शर्ती असतात. बहुतेक सगळ्या शोरूमच्या फॉर्मवर एक ओळ असते की डिलिव्हरीच्या दिवशी जी किंमत अन जे कर लागू असतील ते ग्राहकाला द्यावे लागतील. ही ओळ त्यांनी स्वतःसाठी लिहिलेली असते, जानेवारीत कंपनीने भाव वाढवले की तीच दाखवून तुमच्याकडून जास्तीचे पैसे घेतात. पण करार दोन्ही बाजूंना बांधतो ना, भाव कमी झाला तर ती ओळ उलटी त्यांच्यावर चालते. डिलिव्हरी २ ऑक्टोबरला, त्या दिवशी कर ४० टक्के, मग २८ च लाख द्यायचे होते. यात नोटिफिकेशनचा संबंधच राहत नाही. तुमच्या फॉर्मवर ही ओळ निघाली तर तुमची बाजू पक्की समजा, अन 'बिलिंगच्या दिवशीची किंमत' असं लिहिलेलं निघालं तर मात्र आपल्याला परत कलम १४ वर जावं लागेल.

मग १९ तारखेला घाईघाईने बिल काढलं कशाला? डीलरने कंपनीकडून गाडी घेताना सेस भरलेला असतो, त्याचं क्रेडिट त्याच्या खात्यात पडलेलं असतं, अन ते क्रेडिट फक्त सेस भरायलाच वापरता येतं, जीएसटीला नाही. २२ नंतर सेसच नाही म्हटल्यावर ते पैसे त्याच्यासाठी अडकले. म्हणून जुना स्टॉक २२ च्या आत बिलात टाकायची धडपड सगळीकडेच झाली. हे समजून घ्या, कारण तुमच्या डीलरशी बोलताना तो चोर आहे असं धरून बोलू नका, त्याचाही खिसा जातोय. तरी त्याचं नुकसान तुम्ही का भरायचं हा प्रश्न उरतोच.

एक गोष्ट मात्र तपासाच, बिल खरंच १९ ला निघालं की तारीख मागची टाकली. बिलावर चेसिस नंबर असतो. ती गाडी कंपनीने डीलरला कधी पाठवली त्या बिलाची तारीख लेखी मागा. ती २२ नंतरची निघाली तर १९ तारखेला त्या चेसिसची गाडी डीलरकडे नव्हतीच, अन कंपनीनेही त्यावर सेस लावलेला नसणार, मग सगळा डाव उघडा पडतो. इन्शुरन्स पॉलिसीवर अन फॉर्म २१ म्हणजे विक्री प्रमाणपत्रावर काय तारीख आहे तेही बघा, बिल १९ चं अन बाकीचे सगळे कागद २९-३० चे असतील तर ते आपल्या बाजूने बोलतं.

आता करायचं काय. सरळ कोर्टात जाऊ नका. आधी डीलरला ईमेल करा, सोबत स्पीड पोस्टानेही पाठवा, बुकिंग फॉर्मची ती ओळ, पैसे जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट अन डिलिव्हरी चलन जोडा, अन २ लाखाची क्रेडिट नोट काढून पैसे परत द्या असं मागा. क्रेडिट नोट हाच शब्द वापरा, कारण बिलात टॅक्स जास्त लागला तर डीलरला कलम ३४ खाली ती काढता येते अन स्वतःचा भरलेला टॅक्स कमी करून घेता येतो, म्हणजे तुम्हाला दिलेले पैसे तो सरकारकडून वळते करू शकतो. पण त्याला मुदत आहे, तुमच्या व्यवहाराला ३० नोव्हेंबर २०२६. ती गेली की २ लाख त्याच्या खिशातून जाणार, मग तो शेवटपर्यंत भांडेल. सध्या तुमच्या हातात सगळ्यात मोठं हत्यार ही तारीखच आहे, अन पत्रात ती लिहा.

१५ दिवसात उत्तर आलं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, नंबर जपून ठेवा, पुढे कामाला येतो. त्यानंतर जळगावचा जिल्हा ग्राहक आयोग, ५० लाखापर्यंतच्या खरेदीची तक्रार तिथेच चालते अन खरेदीपासून २ वर्षं मुदत असते. गाडी तुमच्या स्वतःच्या नावावर आहे का हे बघून ठेवा, फर्मच्या नावावर घेतली असेल तर धंद्यासाठी घेतली म्हणून ग्राहक मानायलाच ते नकार देतील. नफेखोरीविरोधी तक्रार करा असं कोणी सुचवलं तर तो रस्ता १ एप्रिल २०२५ पासून नव्या तक्रारींना बंद आहे, तिकडे वेळ घालवू नका.

जाता जाता, ऑन-रोड हिशोबात टीसीएस म्हणून, म्हणजे डीलरने तुमच्या नावे भरायचा इन्कम टॅक्स म्हणून, १ टक्का, ३० हजाराच्या आसपास, कापलेला असेल. १० लाखाच्या वरच्या गाडीवर तो लागतोच. केळीचं उत्पन्न शेतीचं म्हणून तुम्ही रिटर्न भरत नसाल तर ते पैसे तसेच पडून राहतील, पॅनच्या २६एएस मध्ये दिसतात का बघा अन २०२५-२६ चं रिटर्न भरून परत घ्या. अन रोड टॅक्सही ३० लाखावरच भरलाय, डिझेलला २० लाखाच्या वर १५ टक्के असतो म्हणून २ लाखाच्या फरकावर अजून ३० हजार जास्त गेले, ते आरटीओ सहजी परत देणार नाही, पण ग्राहक आयोगात नुकसान म्हणून डीलरकडे मागता येतील.