‘हे नीट करून दे’ म्हणजे नेमकं काय?

अरे, कोणाचा जुना, खराब झालेला फोटो ‘हे नीट करून दे’ म्हणून आला की लगेच क्लोन टूल, म्हणजे शेजारचा भाग उचलून डागावर उतरवणारं साधन, उघडू नकोस. आधी विचार, कशासाठी हवाय? गिरगावातल्या एका काकूंचा लग्नातला कृष्णधवल फोटो पावसाळ्यातल्या ओलीने फ्रेमच्या काचेला चिकटला होता. ओढला असता तर जिलेटिनचा थर, म्हणजे चित्रच, काचेवर राहिलं असतं. म्हणून काचेसकट ६०० डीपीआयवर स्कॅन करून घेतला. चिरा, डाग मी भरले. पण मागच्या बाईंचा चेहराच गेला होता. अंदाजाने रंगवला असता तर त्या दुसऱ्याच कोणी झाल्या असत्या. तिथे हात लावला नाही, काकूंना विचारून खाली ओळ लिहिली: ‘मागे उभ्या: मोठ्या आत्या’. फोटो नुसता पिवळा पडला असेल तर मात्र लेव्हल्स, म्हणजे फोटोतला उजेड आणि रंग कमीजास्त करायच्या पट्ट्या, कशा सरकवायच्या एवढंच सांग, घरचेच करतात.