लोणचं आणि कापड

प्रिय मुली,

परवाच्या तासानंतर डब्यात टाकलेली तुझी चिठ्ठी वाचली. नाव लिहिलं नाहीस, बरं केलंस. 'पाळीत हात लावला तर लोणचं खरंच नासतं का?' आणि खाली बारीक अक्षरात, 'कापड वापरून रोग होतो का?' गंमत बघ, दोन्हीकडे खरा चोर एकच आहे : ओल.

लोणच्यात ओला चमचा गेला, फोडी पुसायच्या राहिल्या, मीठ कमी पडलं किंवा वर तेल राहिलं नाही, की बुरशी धरते. पाळीचं रक्त गर्भाशयातून येतं, हातातून काही झिरपत नाही. माझ्या घरची बरणी दरवर्षी मीच भरते, तारीख न बघता. आजीशी मात्र वाद घालत बसू नकोस, कोरडा चमचा घे आणि वाढ.

आता कापड. पॅड नाही म्हणून लाजू नकोस. धुतलेलं, खडखडीत वाळलेलं सुती कापड चांगलं चालतं. बिघडतं ते लपवण्यामुळे. तुझ्या वयात मी माझं कापड परकराखाली वाळत घालायची. वरचा परकर वाळायचा, खालचं दमटच राहायचं. तेच पुन्हा घेतलं आणि जांघेत लालभडक पुरळ उठलं, चालताना डोळ्यांत पाणी यायचं. आईला सांगायला मला आठ दिवस लागले!

कापड आधी थंड पाण्यात धू. गरम पाण्याने रक्ताचा डाग पक्का बसतो. मग साबण लावून चोळ आणि साबण पूर्ण जाईपर्यंत खळबळ, नाहीतर त्यानेही खाज सुटते. वाळत घालायचं ते उघड्यावर, उन्हात. फारच संकोच वाटला तर वर पातळ ओढणी टाक, जाड काही नको. पावसाळ्यात दोन-दोन दिवस ऊन नसतं, तेव्हा वाऱ्यावर पसर आणि शेवटी गरम इस्त्री फिरव. घडी करण्याआधी गालाला लावून बघ. गार लागलं तर अजून ओल आहे. धुऊनही वास राहिला किंवा कापड कडक झालं, तर ते टाकून दे.

कापड असो वा पॅड, चार ते सहा तासांनी बदल. शाळेत येताना एक घडी जास्तीची आण आणि भिजलेलं ठेवायला पिशवी. आंघोळ रोज कर. बाहेरून साधं पाणी पुरतं, आत साबण घालायचा नाही.

खाज थांबत नसेल, दह्यासारखं पांढरं जात असेल, घाण वास येत असेल, तर आईला घेऊन आरोग्य केंद्रात जा. तासा-दोन तासांत पॅड पूर्ण भिजत असेल किंवा सात दिवसांवर रक्त जात असेल, तरीही. पाळी मागेपुढे झाली म्हणून मात्र घाबरू नकोस, पहिली दोन-तीन वर्षं ती तशीच येते.

पुढच्या गुरुवारी मी शाळेत आहे. चिठ्ठी न टाकता आलीस तरी चालेल, दार लावून बोलू.

तुझी,
शाळेतली सिस्टर